डॅशहंडचे मागचे पाय गेल्यास ग्रेड कशी ठरवावी, एमआरआय आणि शस्त्रक्रिया केव्हा करावी

प्रश्न: आमचा डॅशहंड ५ वर्षांचा आहे, वजन ८ किलो. परवा संध्याकाळपासून पाठ वर काढून बसत होता आणि उचलला की ओरडायचा. काल मागचे पाय लटपटू लागले, आज सकाळपासून मागे उभाच राहत नाही. एक्स-रे पाहून डॉक्टर म्हणाले की डिस्कची जागा कमी झाली आहे. गोळ्या आणि विश्रांती सांगितली. बोट चिमटले की पाय आखडून घेतो, म्हणजे संवेदना आहे ना? थांबून पाहावे, की एमआरआय आणि ऑपरेशन करावे?

उत्तर:

पाय आखडून घेणे हा संवेदना असल्याचा पुरावा नाही, आणि तुमच्या कुत्र्याच्या बाबतीत पुढचा सगळा निर्णय याच एका गोष्टीवर अवलंबून आहे. त्यामुळे आजच, शक्यतो पुढच्या काही तासांत, मज्जारज्जूच्या तपासणीचा अनुभव असलेल्या पशुवैद्याकडून त्याची खोल वेदनेची जाणीव तपासून घ्या. ती शाबूत निघाली तरी मी थांबून पाहण्याचा सल्ला देणार नाही. केवळ पाठदुखीपासून उभे न राहण्यापर्यंतचा प्रवास दोन दिवसांत झाला आहे, म्हणजे त्याची स्थिती स्थिर नाही, ती घसरते आहे. आणि घसरणाऱ्या कुत्र्याला स्कॅन व शस्त्रक्रिया या दोन्हींची सोय असलेल्या ठिकाणी हलवणेच योग्य असते.

हे असे का, ते समजण्यासाठी आत काय घडले आहे ते थोडक्यात पाहू. दोन मणक्यांमधील डिस्कला बाहेरून तंतूंचे कडे असते आणि आत मऊ, पाणीदार गाभा असतो. डॅशहंडमध्ये आखूड पायांशी निगडित असलेल्या जनुकीय बदलामुळे (बाराव्या गुणसूत्रावरील एफजीएफ-४ या जनुकाची जादा प्रत, जिची ओळख २०१७ मध्ये पटली) हा गाभा फार लवकर वाळतो. वर्षभराच्या वयातच अनेक डिस्कचे गाभे कूर्चेसारखे कडक होऊ लागतात आणि पुढे त्यांत कॅल्शियम साठते. असा गाभा धक्का झेलू शकत नाही. साधारण ३ ते ७ वर्षांच्या वयात, कित्येकदा सोफ्यावरून उतरण्याइतक्या किरकोळ हालचालीत, वरच्या बाजूचे कडे फाटते आणि गाभ्याचा भुगा थेट मज्जारज्जूच्या पोकळीत घुसतो. छातीच्या पुढच्या भागात बरगड्यांच्या डोक्यांना जोडणारा एक आडवा बंध डिस्कच्या वरून जातो आणि तिला आवर घालतो. छाती आणि कंबर जिथे मिळतात तिथे तो नसतो. म्हणूनच बहुतेक वेळा छातीच्या अकराव्या मणक्यापासून कंबरेच्या दुसऱ्या मणक्यापर्यंतच्या पट्ट्यातली डिस्क फुटलेली सापडते.

या घटनेत मज्जारज्जूला दोन वेगळ्या इजा होतात, आणि त्यांतला फरक मालकांना सांगायचा बहुधा राहून जातो. गाभा वेगाने आदळल्यामुळे रज्जू आतून ठेचला जातो, ही पहिली इजा. बाहेर आलेला ऐवज तिथेच राहून रज्जूला दाबत राहतो, ही दुसरी. शस्त्रक्रियेने दाब काढता येतो, ठेच काढता येत नाही. एखादा कुत्रा शस्त्रक्रियेशिवायही चालू लागतो आणि एखादा उत्तम शस्त्रक्रियेनंतरही चालत नाही, याचे मुख्य कारण या दोन इजांचे प्रमाण प्रत्येकात वेगळे असते हे आहे.

ग्रेडची पद्धत म्हणजे या इजेची खोली बाहेरून मोजण्याचा प्रयत्न. रज्जूवर आघात झाला की कार्ये एका ठरावीक क्रमाने जातात. पाय कुठे आहे याची जाणीव वाहून नेणारे जाड तंतू सर्वांत आधी निकामी होतात, त्यानंतर ऐच्छिक हालचाल जाते, आणि खोल वेदना वाहणारे बारीक, रज्जूभर विखुरलेले तंतू सर्वांत शेवटी जातात. सुधारणा याच्या उलट क्रमाने होते. ग्रेड १ मध्ये फक्त वेदना असते, चाल व्यवस्थित असते. ग्रेड २ मध्ये कुत्रा स्वतःच्या पायांवर चालतो, पण लटपटतो आणि पंजा उलटा टेकवतो. ग्रेड ३ मध्ये आधाराविना उभे राहून चालता येत नाही, मात्र आधार दिल्यावर पाय स्वतःच्या इच्छेने हलतात. ग्रेड ४ मध्ये ऐच्छिक हालचाल पूर्ण थांबते, पण खोल वेदना कळते. ग्रेड ५ मध्ये तीही कळत नाही. काही जण शून्यापासून किंवा उलट्या बाजूने मोजतात, म्हणून दुसऱ्या डॉक्टरांशी बोलताना नुसता आकडा सांगू नका, ‘चालतो की नाही, पाय हलवतो की नाही, वेदना कळते की नाही’ हे शब्दांत सांगा.

तुमच्या वर्णनावरून ग्रेड ३, ४ आणि ५ यांपैकी कोणतीही शक्य आहे. ३ आणि ४ वेगळे करण्यासाठी मी कुत्र्याला न घसरणाऱ्या फरशीवर ठेवते, पोटाखालून टॉवेलने किंवा शेपटीच्या मुळाशी धरून मागचा भाग तोलते आणि मालकांना समोरून हाक मारायला सांगते. पुढे जाण्याच्या प्रयत्नात मांडीपासून जरी पाय पुढे सरकला तरी ती ऐच्छिक हालचाल धरायची. मालक दिसताच शेपूट हलली तर तीही धरायची. पण शेपटीला किंवा गुदद्वाराजवळ हात लागल्यावर जी हलते ती धरायची नाही, कारण ती खालच्या रज्जूची आपोआप होणारी क्रिया असते.

आता तुमच्या चिमट्याविषयी. बोट दाबल्यावर पाय आखडण्यासाठी मेंदूची गरजच नसते. संदेश पायातून कंबरेच्या खालच्या भागातील रज्जूत जातो आणि तिथूनच स्नायूंना आदेश परत येतो. इजा त्याच्या बरीच पुढे असल्यामुळे हे वर्तुळ शाबूत राहते, इतकेच नव्हे तर मेंदूचा लगाम सुटल्याने पाय अधिकच जोरात आखडतो. रज्जू पूर्ण तुटलेला कुत्राही असा पाय ओढून घेतो. प्रश्न असा आहे की संदेश मेंदूपर्यंत पोहोचला का, आणि त्याचे उत्तर पायाकडे पाहून नव्हे तर चेहऱ्याकडे पाहून मिळते.

तपासताना मी कुत्र्याला आडवा करते, त्याचे लक्ष समोर स्थिर होईपर्यंत थांबते आणि आधी बोटांनी, प्रतिसाद न मिळाल्यास आर्टरी फोर्सेप्सने नखाच्या मुळाशी, कातडीवर नव्हे तर हाडावर, हळूहळू वाढता दाब देते. त्याने मान वळवली, ओरडला, चावायला आला, श्वास रोखला, ओठ चाटले किंवा बाहुल्या एकदम मोठ्या झाल्या, आणि हे दाबासोबत दर वेळी घडले, तर वेदना कळते आहे. पाय झपकन आखडला पण चेहरा जसाच्या तसा राहिला, तर कळत नाही. दोन्ही मागच्या पायांची आतली व बाहेरची बोटे आणि शेपटी असे सगळे तपासल्याशिवाय ‘नाही’ म्हणू नये. एका जागी जरी खात्रीचा प्रतिसाद मिळाला तरी तो कुत्रा ग्रेड ५ मध्ये जात नाही. भेदरलेले किंवा मुळातच सोशिक कुत्रे फसवतात, आणि तीव्र वेदनाशामक वा गुंगीच्या औषधानंतर उत्तर आणखी धूसर होते, म्हणून ही तपासणी त्या औषधांच्या आधी व्हावी. घरी पक्कड घेऊन हा प्रयोग कृपया करू नका. कातडी फाटते आणि निष्कर्ष भरवशाचा निघत नाही.

इजा कुठे आहे याचा अंदाजही स्कॅनपूर्वीच येतो. गुडघ्याचा व पाय आखडण्याचा प्रतिक्षेप चांगला किंवा वाढलेला असेल तर इजा पाठीच्या मधल्या भागात असते. ते मंद असतील आणि पाय लुळे पडले असतील तर ती कंबरेच्या मागच्या भागात असते. याशिवाय पाठीच्या कण्याच्या दोन्ही बाजूंना मागून पुढे कातडी चिमटत गेले की एका रेषेपासून कातडी थरथरू लागते. ही रेषा जिथे असते, त्याच्या एक ते चार मणके पुढे इजा सापडते. ही रेषा लक्षात ठेवा, तिचे आणखी एक महत्त्वाचे काम आहे.

आता एक्स-रे. जागा अरुंद दिसणे किंवा कॅल्शियम दिसणे हे डॅशहंडमध्ये इतके सामान्य आहे की आजारी नसलेल्या कुत्र्यांतही ते सापडते. फुटलेली डिस्क नेमकी कोणती, हे साध्या एक्स-रेवरून सांगताना चूक होण्याचे प्रमाण फार मोठे आहे, आणि कोणत्या बाजूला ऐवज आला आहे हे तर त्यात दिसतच नाही. मणक्याचे फ्रॅक्चर, हाडाची गाठ किंवा डिस्कमधील जंतुसंसर्ग नाही ना, एवढे पाहण्यापुरता त्याचा खरा उपयोग. तेव्हा तुमच्या डॉक्टरांनी एक्स-रे काढला हे बरोबरच झाले, पण त्यावर शस्त्रक्रिया करता येणार नाही आणि शस्त्रक्रिया नको असा निष्कर्षही काढता येणार नाही.

एमआरआय किंवा सीटी केव्हा, याचा माझा निकष साधा आहे: ज्या उत्तराने उपचार बदलणार असतील तेव्हाच. पहिल्यांदाच पाठ दुखणाऱ्या ग्रेड १ किंवा स्थिर ग्रेड २ च्या कुत्र्याला भूल देऊन स्कॅन करण्याची घाई नसते. रोगाचे निदान लक्षणांवरूनच बहुधा होते, आणि किमान चार आठवडे पिंजऱ्यात कडक विश्रांती व वेदनाशामके हा उपचार स्कॅनने बदलत नाही. पण वेदना औषधांना दाद देत नसेल, वारंवार उलटत असेल, ग्रेड घसरत असेल, किंवा कुत्रा ग्रेड ३ च्या पुढे गेला असेल, तर स्कॅन करायचा. तो शक्यतो शस्त्रक्रियेची तयारी ठेवून करायचा, म्हणजे त्याच भुलेत कुत्रा टेबलावर जाऊ शकतो. तरुण डॅशहंडमध्ये बाहेर आलेला गाभा बहुधा कॅल्शियमयुक्त असल्याने सीटी झटपट आणि पुरेसा ठरतो. वय जास्त असेल, लक्षणे नेहमीपेक्षा वेगळी असतील, किंवा सीटीत दाब सापडत नसेल, तर एमआरआय हवा. रज्जूच्या आतली सूज आणि ठेच फक्त त्यात दिसते, आणि रज्जूचा रक्तपुरवठा अडल्याने आलेला पक्षाघातही त्यातच ओळखू येतो. अशा पक्षाघातात पहिल्या काही तासांनंतर पाठ दुखत नाही आणि चोवीस तासांनंतर घसरणही सहसा होत नाही. तुमच्या कुत्र्यात दोन्ही आहेत, म्हणून मला ती शक्यता कमी वाटते.

शस्त्रक्रियेने किती फरक पडतो? अमेरिकेतील पशुवैद्यकीय तज्ज्ञांच्या संघटनेने (एसीव्हीआयएम) २०२२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या सहमती निवेदनात आधीचे अभ्यास एकत्र करून आकडे दिले आहेत. शस्त्रक्रियेशिवाय पुन्हा चालू लागण्याचे प्रमाण ग्रेड १ ते ३ मध्ये सुमारे ८० टक्के, ग्रेड ४ मध्ये ६० आणि ग्रेड ५ मध्ये जेमतेम २० टक्के आहे. शस्त्रक्रियेनंतर हेच प्रमाण ग्रेड १-२ मध्ये ९८, ग्रेड ३ आणि ४ मध्ये ९३ आणि ग्रेड ५ मध्ये सुमारे ६० टक्के येते. या आकड्यांतली मेख ग्रेड ४ आणि ५ च्या सीमेवर आहे. सीमेच्या अलीकडे शस्त्रक्रिया झाली तर दहापैकी नऊ कुत्रे चालतात, ती ओलांडल्यावर सहा. म्हणून ‘अजून वेदना कळते आहे, उद्या बघू’ हे वाक्य मला सर्वांत महाग वाटते. ग्रेड ५ मध्ये अमुक तासांनंतर काहीच उपयोग नाही अशी पक्की रेषा कोणी आखून दिलेली नाही, तरी ती तातडीची शस्त्रक्रिया मानून जितक्या लवकर होईल तितक्या लवकर करावी. स्थिर ग्रेड ३ मध्ये खर्च किंवा भुलेची जोखीम आडवी येत असेल तर औषधोपचार हा अवैध पर्याय नाही. पण तिथे रोज दोनदा ग्रेड तपासली पाहिजे, आणि सुधारणा संथ होते, दुखणे उलटण्याची शक्यताही जास्त राहते.

माझ्याकडे आलेल्या ६ वर्षांच्या एका डॅशहंड मादीचे उदाहरण तुमच्या परिस्थितीशी जुळते. पहिल्या सकाळी ती लटपटत चालत होती, ग्रेड २. पिंजरा व औषधे सुरू केली आणि मालकांना पायांचे व्हिडिओ काढायला सांगितले. संध्याकाळच्या व्हिडिओत उजवा पंजा उलटा घासत होता. दुसऱ्या दिवशी सकाळी ती पूर्ण बसली होती. आधार देऊनही पाय हलत नव्हते. डाव्या पायाच्या बोटावर दाब देताच तिने मान वळवून गुरगुरले. उजव्या पायावर बराच दाब दिल्यावर फक्त बाहुल्या मोठ्या झाल्या, आणि त्या प्रत्येक वेळी झाल्या. म्हणजे ग्रेड ४, पण काठावरची. कातडी थरथरण्याची रेषा कंबरेच्या दुसऱ्या मणक्याजवळ होती. उजवी बाजू जास्त बाधित, म्हणून ऐवज उजवीकडे असेल असे वाटणे स्वाभाविक होते. सीटीत छातीच्या बाराव्या व तेराव्या मणक्यांमधील डिस्कचा ऐवज डाव्या बाजूला निघाला. असे नेहमी होत नाही, पण होते, आणि स्कॅनशिवाय हाड कोरायला घेऊ नये याचे हेच कारण आहे. त्याच दुपारी डावीकडून हेमिलॅमिनेक्टॉमी केली, म्हणजे मणक्याच्या कमानीचा एका बाजूचा भाग काढून खिडकी केली आणि दाणेदार, खडूसारखा भुगा रज्जूला न हलवता बाहेर काढला. फुटलेल्या डिस्कचा उरलेला गाभा आणि शेजारच्या डिस्कचे गाभे बाजूने छेद देऊन रिकामे केले, कारण त्याने पुन्हा फुटण्याची शक्यता घटते. पहिले दोन दिवस बदल दिसला नाही, उलट पाय थोडे अधिक सैल वाटले. हाताळणीमुळे असे होऊ शकते. चौथ्या दिवशी मालकाला पाहून शेपूट हलली, दुसऱ्या आठवड्यात आधाराने पावले पडू लागली आणि महिना होता होता ती डुलत का होईना स्वतः चालू लागली.

आता तुमच्या गोळ्या. त्यांची नावे पाहून घ्या. स्टेरॉइड आणि मेलॉक्सिकॅम किंवा कार्प्रोफेनसारखे वेदनाशामक एकाच वेळी किंवा लागोपाठ देऊ नये. जठर व आतड्याला व्रण पडून ते फुटण्यापर्यंत वेळ येते. मज्जारज्जू वाचवण्यासाठी मोठ्या मात्रेत स्टेरॉइड देण्याची जुनी प्रथा आता शिफारशीत नाही, कारण तिचा फायदा दिसून आलेला नाही आणि दुष्परिणाम मात्र दिसले आहेत. कोणते औषध, किती आणि किती वाजता दिले ते लिहून सोबत न्या. भूल देणाऱ्याला ते लागेल.

ग्रेड ५ निघाली तर शस्त्रक्रियेपूर्वी एका गोष्टीबद्दल तुमच्याशी स्पष्ट बोलले गेले पाहिजे. अशा कुत्र्यांपैकी साधारण दहापैकी एकात ठेचलेला रज्जू त्या जागेपासून पुढे आणि मागे मरत जातो. याला मायलोमलेशिया म्हणतात. तो बहुधा पहिल्या काही दिवसांत दिसू लागतो, क्वचित दुसऱ्या आठवड्यापर्यंत. म्हणूनच मी कातडी थरथरण्याची रेषा मार्कर पेनने आखून ठेवते आणि दिवसातून अनेकदा तपासते. रेषा पुढे डोक्याकडे सरकू लागली, आधी जोरात असलेला गुडघ्याचा प्रतिक्षेप नाहीसा झाला, गुदद्वार सैल पडले, पोट लुळे झाले, ताप व अस्वस्थता आली, तर हा विकार सुरू झाला आहे. तो पुढे सरकत पुढच्या पायांपर्यंत आणि श्वासाच्या स्नायूंपर्यंत पोहोचतो. रज्जूचे आवरण लांबवर उघडून दाब कमी करण्याचे प्रयत्न काही केंद्रे करतात, पण विकार पुढच्या पायांपर्यंत गेल्यावर मी इच्छामरणाचाच सल्ला देते. याउलट ग्रेड ५ मध्ये शस्त्रक्रियेनंतर पहिल्या दोन आठवड्यांत वेदनेची जाणीव परत आली तर चालण्याची शक्यता चांगली असते. चौथ्या आठवड्यानंतरही ती आली नसेल तर आशा बरीच कमी होते, तरी काही कुत्रे त्यानंतर अनेक महिन्यांनी चालू लागतात.

निघण्यापूर्वीचे शेवटचे काम मूत्राशयाचे. उभा न राहणारा कुत्रा बहुधा स्वतः लघवी करू शकत नाही. अंथरूण ओले दिसते, पण ती भरून वाहणारी लघवी असते आणि मूत्राशय आत तट्ट फुगलेले राहते. आज सकाळपासून त्याने धार सोडली नसेल तर तपासणाऱ्या डॉक्टरांना आधी ते रिकामे करायला सांगा आणि हाताने दाबून कसे रिकामे करायचे ते स्वतः शिकून घ्या. दिवसातून तीन-चार वेळा ते करावे लागेल. नेताना काखेत धरून उचलू नका. एक हात छातीखाली, दुसरा नितंबांखाली, पाठ आडवी आणि सरळ, अशा स्थितीत उचलून वळायलाही जागा नसलेल्या लहान पिंजऱ्यात किंवा खोक्यात ठेवा. भूल द्यावी लागण्याची शक्यता असल्याने त्या रुग्णालयाला फोन करून खाणे केव्हा बंद करायचे ते विचारा, आणि फोनवरच सांगा की ५ वर्षांचा डॅशहंड आहे, आज सकाळपासून मागच्या पायांवर उभा राहत नाही आणि खोल वेदनेची तपासणी व्हायची आहे.